पहिलीच्या वर्गात टाळ्या पळतात तेव्हा: सोप्यापासून अवघडापर्यंत काय काय तपासायचं

पहिलीत टाळ्यांचा खेळ घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची तक्रार एकच असते: मुलं पळतात. हा बिघाड मी इतक्या वर्गांत पाहिलाय आणि दुरुस्त केलाय, की आता वर्गात शिरल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात कुठून सुरुवात करायची ते कळतं. ढोलकी नाही, टाळ नाही, पेटी नाही. नुसते हात आणि तोंड. अशा वर्गासाठी हे लिहिते आहे.

आधी लक्षणं

सुरुवातीच्या दहा-बारा टाळ्या छान एकत्र पडतात. मग वेग वाढायला लागतो, त्याबरोबर आवाजही चढतो, आणि अर्ध्या मिनिटात कढईत लाह्या फुटाव्यात तसा नुसता तडतडाट उरतो. हे मुख्य लक्षण.

त्याच्या सोबतीला आणखी तीन लक्षणं असतात. एक: "हळू, हळू" म्हटलं की आवाज बारीक होतो, वेग मात्र तोच राहतो. दोन: एखादा ठोका मोकळा सोडायचा ठरला असेल तर कुणीतरी तिथे टाळी वाजवतंच, आणि ज्यांनी नाही वाजवली त्यांची पुढची टाळी लवकर पडते. तीन: काही मुलांची टाळी कायम किंचित मागून येते, कारण ती ऐकून नाही तर तुमचे हात बघून वाजवत असतात.

ही लक्षणं दिसली की "या वर्गाला तालच नाही" असं म्हणून मोकळं व्हायची घाई नको. पहिल्या दहा टाळ्या एकत्र पडल्या याचा अर्थ मुलांना ठोका कळतो. त्यांना सांभाळता येत नाही ते दोन ठोक्यांमधलं अंतर. लय म्हणतात ती हीच, आणि खालच्या बहुतेक तपासण्या या रिकाम्या अंतराभोवतीच फिरतात.

पहिली तपासणी: घड्याळ लावून मोजा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. वर्गातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघा. मुलांना टाळ्या सुरू करू द्या आणि पहिल्या १५ सेकंदांत किती पडल्या ते मनात मोजा. मध्ये १५ सेकंद सोडून द्या. तिसऱ्या १५ सेकंदांत पुन्हा मोजा. चारने गुणलं की मिनिटाचा वेग मिळतो. २५ म्हणजे मिनिटाला १००, ३० म्हणजे १२०.

हे का करायचं? कारण "पळतात" ही तक्रार कानावर भरवसा ठेवून केलेली असते, आणि गोंगाट वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. कधी कधी मोजल्यावर दिसतं, की पहिला आकडा २६ आणि दुसरा २७. म्हणजे लय जागेवर आहे, फक्त टाळ्या विस्कटून पडताहेत. तो वेगळा बिघाड आहे आणि बहुधा पुढच्याच तपासणीत सुटतो. २६ चे ३४-३५ झाले असतील तर मात्र लय खरंच पळते आहे. २६ चे २८ झाले तर काहीही करू नका. सहा वर्षांच्या मुलांकडून याहून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही. मोठ्यांच्या भजनातसुद्धा गजर एवढा चढतोच.

दुसरी: सुरुवात कशी करून देता?

"चला, वाजवा" म्हणून सुरुवात केली तर प्रत्येक मूल आपापल्या वेगाने सुरू करतं, आणि पहिल्या पाच-सहा टाळ्या एकमेकांशी जुळवण्यात जातात. जुळवताना वर्ग नेहमी सर्वांत उतावळ्या मुलाकडे सरकतो, कारण त्याची टाळी आधी ऐकू येते.

"एक, दोन, साडेमाडे, तीन" ही मुलांची आवडती मोजणी. शर्यतीला ती उत्तम, पण टाळ्यांना घोटाळ्याची. "साडेमाडे" मुलं गिळून टाकतात, शिवाय निम्मी मुलं "तीन"वर सुटतात आणि निम्मी "तीन"नंतर.

त्याऐवजी ज्या वेगाने टाळ्या हव्यात त्याच वेगाने "एक, दोन, तीन, चार" म्हणा आणि टाळी पुढच्या "एक"वर पाडा. इथे एक चूक फार जणींकडून होते: मोजणी घाईघाईत म्हणायची आणि टाळ्या सावकाश हव्यात अशी अपेक्षा करायची. मुलं तुमच्या सूचनेकडे बघत नाहीत, मोजणीच्या वेगाने जातात. तुम्ही चार आकडे झटकन म्हणालात की लय तिथेच ठरली.

तिसरी: "हळू" म्हणणं बंद करा

ही तपासणी मला सर्वांत आवडते, कारण तिला काहीच लागत नाही आणि तिने खूपदा निम्मा प्रश्न सुटतो. आपल्या बोलण्यात "हळू बोल" म्हणजे बारीक आवाजात आणि "हळू चाल" म्हणजे सावकाश. "जोरात"चंही तसंच, जोरात ओरडतात आणि जोरात पळतातही. मोठ्यांना संदर्भाने कळतं. पहिलीतल्या मुलाला टाळ्यांच्या मध्ये "हळू" ऐकू आलं तर त्याने काय करायचं? ते आवाज कमी करतं. आपण पुन्हा "अरे, हळू!" म्हणतो. एका वर्गात एक मुलगी अगदी काकुळतीला येऊन म्हणाली, "बाई, हळूच तर वाजवतेय!" आणि तिचं बरोबरच होतं, तिच्या टाळीचा आवाजसुद्धा येत नव्हता.

वेगासाठी "सावकाश" आणि "भरभर", आवाजासाठी "बारीक" आणि "मोठ्ठा". एवढे चार शब्द ठरवून घ्या आणि हळू-जोरात वर्गाबाहेर ठेवा. मग दोन-तीन मिनिटं यांचाच खेळ घ्या: सावकाश पण मोठ्ठा, भरभर पण बारीक. भरभर-मोठ्ठा आणि सावकाश-बारीक मुलांना आपसूक येतं. उलट्या जोड्या अवघड जातात, आणि त्या जमल्या की लय आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांच्या हातांना कळतं. तोंडाने समजावून ते कळत नाही.

चौथी: तुम्ही फार सावकाश तर सुरू करत नाही?

ऐकायला विचित्र वाटेल, पण वर्ग पळण्याचं हे मोठं कारण आहे. आपल्याला वाटतं, लहान मुलं आहेत, सावकाश सुरू करू. म्हणजे सेकंदाला एक टाळी, मिनिटाला ६०. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला "तुझ्या मनाने टाळ्या वाजव" म्हटलं तर त्याचा वेग साधारण १२० च्या पुढेच असतो, कधी १५० च्या आसपास. मोठ्या माणसाचा वेग त्याहून बराच कमी असतो. वय वाढतं तसा हा आतला वेग उतरत जातो आणि त्याच्यापासून लांबच्या वेगाशी जुळवून घेणंही जमू लागतं.

म्हणून ६० वर सुरू केलेला वर्ग टिकत नाही. दोन टाळ्यांमध्ये पूर्ण सेकंदाचं अंतर आहे, आणि तेवढा वेळ काहीही न करता थांबायचं, तेही मनातल्या मनात मोजून, हे पहिलीच्या मुलासाठी लय शिकण्यातलं सर्वांत अवघड काम. आपण तेच पहिल्या दिवशी मागतो.

तपासायचं कसं? चार-पाच मुलांना एकेकट्याने पुढे बोलवा. हुशार नको, बडबडी नको, कुणीही. "तुला हव्या तशा टाळ्या वाजव" म्हणा आणि १५ सेकंद मोजा. या आकड्यांच्या मधला कुठलातरी आकडा हा वर्गाचा स्वतःचा वेग. पहिला आठवडा त्याच्या जवळपासच, किंवा किंचित खाली खेळा. बहुतेक वर्गांत ११० ते १२० ला मुलं स्थिर बसतात. १२० हवं असेल तर घड्याळाच्या एका टिकटिकीत दोन टाळ्या, इतकं ते सोपं आहे. सावकाश शिकवायचं ते नंतर, आणि नुसतं थांबायला सांगून नाही. ते सहाव्या तपासणीत येतं.

पाचवी: हात किती लांब जातात ते बघा

आता वर्गाच्या एका कडेला उभं राहा आणि कान बंद करून फक्त हात बघा. सुरुवातीला तळवे एकमेकांपासून वीतभर लांब जात असतात. वेग वाढायला लागतो तसे ते चार बोटांवर येतात, मग दोन बोटांवर, आणि शेवटी मनगटं हनुवटीखाली चिकटवून नुसती बोटं थरथरत असतात. टाळी पळते आणि म्हणून हात आखडतात, की हात आखडतात आणि म्हणून टाळी पळते? दोन्ही खरं आहे, पण आपल्याला दुसरं टोक धरता येतं. हाताला लांबचा रस्ता दिला की त्याला वेळ लागतोच. मुलाला मोजावं लागत नाही, हातच मोजतात.

म्हणून टाळी झाली की दोन्ही हात खांद्याच्या रुंदीपर्यंत उघडायचे आणि गोल फिरवून पुन्हा एकत्र आणायचे. थांबणं कुठेच नाही, हात सतत फिरते. थांबलेला हात निघताना दचकून निघतो आणि लवकर पोहोचतो.

याआधी बसायची जागा बघून घ्या. बसकर पट्टीवर खांद्याला खांदा लावून बसलेल्या मुलाला हात उघडायला जागाच नसते. कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जातं, मग ते मूल हात आखडून मनगटातूनच वाजवतं. एक मूल सोडून एक उभं करा, किंवा पट्ट्या लांब सरकवा. मी तर पळणारा वर्ग दिसला की आधी सगळ्यांना उभं करते. उभ्या मुलाला गुडघ्यात किंचित लवता येतं, आणि टाळी अंगातून येते.

सहावी: रिकामा ठोका भरा

आतापर्यंतच्या तपासण्यांनी बरेच वर्ग सुधारतात. जे उरतात त्यांचं दुखणं इथे असतं.

आपल्या ताल देण्याच्या पद्धतीत या दुखण्यावर जुना इलाज आहे. त्रितालाच्या १६ मात्रा हाताने देताना १, ५ आणि १३ ला टाळी असते आणि ९ ला खाली. खालीला हात नुसता बाहेर उघडतात. ती मात्रा रिकामी आहे, पण हात रिकामा नाही. पहिलीच्या मुलांना त्रिताल द्यायचा नाहीये, पण हे तत्त्व जसंच्या तसं घ्यायचं: आवाज नसेल तिथेही हालचाल असलीच पाहिजे.

मी चार ठोक्यांचा साधा फेरा घेते. पहिल्याला टाळी, दुसऱ्याला दोन्ही हात मांड्यांवर, तिसऱ्याला पुन्हा मांड्यांवर, चौथ्याला हात दोन्ही बाजूंना हवेत उघडे. तोंडाने म्हणायचं: "टाळी, मांडी, मांडी, हवा." प्रत्येक शब्द एका ठोक्यावर. हे शब्द मुद्दाम दोन अक्षरांचे आहेत. "टा" वर हात आपटतो आणि "ळी" म्हणेपर्यंत ठोक्याचा अर्धा वेळ जातो, म्हणजे मधलं अंतर जिभेने भरलं. "हवा"ला आवाज कुठलाच नाही, पण हाताला काम आहे आणि तोंडालाही, म्हणून तिथे कुणी घाई करत नाही.

एका वर्गाचं उदाहरण सविस्तर सांगते. पत्र्याचं छप्पर, चोवीस मुलं, सगळी पट्टीवर दाटीवाटीने. नुसत्या टाळ्यांवर पहिल्या १५ सेकंदांत २६ पडल्या, तिसऱ्या १५ सेकंदांत ३५. म्हणजे १०४ वरून १४०. मोजणी नीट दिल्यावर पहिल्या टाळ्या एकत्र पडायला लागल्या, पण शेवटचा आकडा हलला नाही. मोजणीने सुरुवात सुधारते, टिकणं नाही, तेव्हा हे अपेक्षितच होतं. "सावकाश" शब्द आल्यावर गोंगाट कमी झाला आणि शेवटचा आकडा ३३ वर आला. मग उभं करून हात उघडायला लावले: २६ चे ३०. त्यानंतर "टाळी, मांडी, मांडी, हवा". इथे टाळ्या नाही, ठोके मोजायचे. पहिल्या १५ सेकंदांत २६, तिसऱ्यात २८. तिथे मी थांबले.

दुसऱ्या दिवशी बोलणं काढून घेतलं: ओठ हलवायचे, आवाज नाही. २६ चे २९. म्हणजे शब्दांचा आधार अजून लागत होता. तो आणखी आठवडाभर ठेवायला त्या बाईंना सांगितलं. आधार घाईने काढला की वर्ग पुन्हा पळतो आणि मग खेळ बिघडला असं वाटतं. खेळ ठीक असतो, काढणं लवकर झालेलं असतं.

सावकाश लय शिकवायची ती याच फेऱ्यातून. ठोक्याचा वेग तोच ठेवायचा आणि टाळी फक्त "टाळी" या शब्दावर राहू द्यायची. मांडीवर हात ठेवायचे, पण आवाज न करता. आता टाळी चार ठोक्यांतून एकदाच पडते. ऐकणाऱ्याला ती फार सावकाश वाटते, मुलांच्या आत मात्र त्यांचा नेहमीचा वेग चालू असतो. उलट, टाळीच्या जागी दोन टाळ्या घेतल्या, "टा" वर एक आणि "ळी" वर एक, की दुप्पट झाली. ठोका तोच. लय बदलणं आणि दुप्पट होणं यात मुलं फार गोंधळतात. पाय जागच्या जागी ठोक्यावर चालू ठेवले तर हा गोंधळ होत नाही: पाय तसेच, हात दुप्पट.

सातवी: मुलं पळतात, की तुम्ही?

हे तपासायला थोडा मनाचा मोठेपणा लागतो, म्हणून सातवं. मोबाइल वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून एक मिनिट ध्वनिमुद्रण करा आणि घरी शांतपणे ऐका. दोन गोष्टी ऐकायच्या. वेग वाढायला लागतो त्या जागी तुमचा आवाज कुठे आहे? बहुतेकदा "शाब्बास!" किंवा "अरे, तिकडे लक्ष दे" असं काहीतरी ठोक्याबाहेर बोललं गेलेलं असतं आणि पुढच्याच फेऱ्यात वर्ग सुटलेला असतो. दुसरं, वेग वाढल्यावर तुमची टाळी मुलांच्या आधी पडते की नंतर? नंतर पडत असेल, तर लय मुलं देताहेत आणि तुम्ही त्यांच्या मागे चालला आहात.

खात्री करायची तर एका कानात इअरफोन घालून मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या ॲपवर १०४ लावा आणि वर्गाबरोबर एक मिनिट टिकून दाखवा. हे तुमच्यासाठी, मुलांसाठी नाही. वर्गाला मेट्रोनोम मोठ्याने ऐकवण्याचा मोह होईल; त्याचा फायदा होत नाही. पंचवीस जोड टाळ्यांमध्ये तो बुडून जातो. शिवाय लहान मुलं यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोरच्या माणसाबरोबर जास्त चांगली जुळतात. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे दिसलं होतं. समोरच्या माणसाचा हात कुठून निघाला ते दिसतं, म्हणून तो कधी पोहोचणार ते आधी कळतं.

आणखी एक: आठ ठोके तुम्ही हात खाली ठेवा आणि फक्त मान डोलवा. वर्ग चालू राहिला तर लय मुलांपाशी आहे. कोसळला तर ती फक्त तुमची नक्कल करत होती, आणि सुरुवातीला सांगितलेली ती मागून पडणारी टाळी तिथूनच येते. अशा वेळी आधी चारच ठोके सोडा, मग आठ.

आठवी: वर्ग फोडा

सगळे एकत्र वाजवतात तेव्हा वेग चढतो आणि एकेकटं मूल बऱ्यापैकी टिकतं, असं दिसलं तर दोष समूहाचा आहे. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आधी पडलेल्या टाळीला धरतो, मागे पडलेल्याला कुणीच धरत नाही, आणि लय एकाच दिशेने सरकत राहते. त्यात आवाजाची चढाओढ आली की संपलंच. मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. रुमानिया आणि हंगेरीतल्या प्रेक्षागृहांतल्या टाळ्यांचा अभ्यास २००० साली 'नेचर'मध्ये आला होता. तिथे प्रेक्षक एका ठेक्यात येतात तेव्हा टाळ्यांचा वेग आधीच्या निम्म्यावर उतरलेला असतो, आणि जास्त आवाज करायच्या नादात वेग वाढला की ठेका फुटतो.

उपाय म्हणून वर्गाचे दोन गट करा. एक गट फेरा वाजवतो, दुसरा तळव्यावर दोन बोटं टेकवत तोच फेरा बिनआवाजी चालवतो. चार फेऱ्यांनी अदलाबदल, मध्ये न थांबता. ऐकणारा गट पळणाऱ्या गटाला लगेच पकडतो. मुलांना दुसऱ्याची चूक छान ऐकू येते. गट फोडल्यावर हेही कळतं, की ओढणारी मुलं बहुधा दोन किंवा तीनच असतात, आणि ती जवळजवळ बसलेली असतात. त्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभं करा. शिक्षा म्हणून नाही, सांगूही नका.

नववी: जागा

ही शेवटी, कारण जागा बदलणं आपल्या हातात क्वचितच असतं. पत्र्याच्या किंवा उघड्या भिंतींच्या मोठ्या खोलीत प्रत्येक टाळीचा घुमारा पुढच्या टाळीवर येतो आणि अंतर ऐकूच येत नाही. तिथे टाळीऐवजी मांडीवरचा ठोका घ्या. तो बसका असतो, घुमत नाही.

मैदानावर, परिपाठाच्या वेळी, उलटा त्रास होतो: लय पळत नाही, रेंगाळते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मागची रांग ३५ मीटर लांब असेल तर तुमची टाळी तिला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येते, आणि तिची टाळी तुमच्यापर्यंत परत यायला तेवढाच वेळ आणखी. १२० च्या वेगात पूर्ण ठोकाच अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणजे फरक चांगलाच जाणवतो. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत राहतो. तिथे कानावर सोडू नका. कट्ट्यावर उभं राहून हात डोक्याच्या वर न्या आणि सगळ्यांनी बघून वाजवायचं. दिसायला वेळ लागत नाही. मात्र नेहमीचा सराव मैदानावर घेऊ नका. नजरेची सवय लागली की वर्गात पुन्हा ऐकायला शिकवावं लागतं.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

एका वेळी पाच-सात मिनिटं, बस. तळवे लाल झाले किंवा मुलं हात पँटला चोळायला लागली की थांबा. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच हा खेळ घेऊन मोजमाप करू नका. तो आकडा खरा नसतो.

सगळ्या तपासण्या करून झाल्या आणि मेट्रोनोमबरोबर तुमचीच लय टिकत नाही असं दिसलं, तर मुलांवर आणखी प्रयोग नकोत. गावातल्या भजनी मंडळातला पखवाजवाला किंवा तबला शिकवणारं कुणी गाठा आणि त्यांच्यासमोर "टाळी, मांडी, मांडी, हवा" करा. चार बैठकांत हात बसतो. हे काम व्हिडिओ बघून होत नाही, कारण व्हिडिओ तुमची चूक ऐकत नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र नीट वेगळं करा. सहाव्या वर्षी ताल न जुळणं हा आजार नाही. वर्गात तीन-चार मुलं वर्षभर मागेपुढे राहतील आणि दुसरी-तिसरीत आपोआप येतील. त्यांना वेगळं काढून सराव देऊ नका.

पण टाळ्यांचा खेळ कधी कधी दुसरंच काहीतरी उघड करतो. मूल फक्त हात दिसत असताना जुळतं आणि पाठ फिरवली की पूर्ण हरवतं, मागून नावाने हाक मारली तर वळत नाही, बोलताना तुमच्या ओठांकडे बघतं, कान वाहतो. यातलं काही दिसलं तर ताल बाजूला ठेवा आणि कान तपासून घ्या. सर्दीच्या दिवसांत पंधरवडाभर वाट बघायला हरकत नाही. वाहणाऱ्या कानाला मात्र वाट नाही. तसंच दोन्ही हात छातीसमोर एकत्र आणायलाच अवघड जात असेल, एका बाजूचा हात सतत मागे राहत असेल, बटण लावणं आणि एका पायावर उडी मारणं हेही जमत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला पालकांना सांगा. आधी जमत होतं आणि आता जमेनासं झालं असेल, तर त्याच आठवड्यात. कान दाबून रडणाऱ्या मुलावर जबरदस्ती नको. त्याला दाराजवळ बसू द्या, आणि हे इतर आवाजांनाही होतं का ते पालकांना विचारा.

शासकीय शाळेत हे सोपं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्याचं आरोग्य पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ऐकू कमी येणं आणि हालचालीतला विलंब हे दोन्ही त्यांच्या तपासणीत असतं, आणि गरज पडली तर जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवतात. पथक यायच्या आधी मुलाचं नाव आणि नेमकं काय दिसलं ते कागदावर लिहून ठेवा. "ताल येत नाही" असं नको. "मागून हाक मारल्यावर वळत नाही, हात दिसले तरच टाळी जुळते" असं लिहा. पथकाची फेरी लांब असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा.

तपासणी होईपर्यंत त्या मुलाला खेळातून काढायचं कारण नाही. मी त्याला पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर उभं करते आणि त्याचे सगळे चारही ठोके मांडीवर घेते. मांडीवर पडलेला हात ऐकू आला नाही तरी कळतो.